सगळे पूल एकेकदाच: वाट निघते की नाही हे चालण्याआधी कसं ठरवायचं

नदी, बेटं, पूल, आणि खाली एक ओळ: ‘प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल पार करा.’ हे कोडं समोर आलं की बहुतेक जण पेन्सिल उचलतात आणि वाटा काढत सुटतात. दहा-बारा प्रयत्न फसले की ‘अशक्य’ असं लिहून मोकळे होतात. पण वाट सापडली नाही म्हणजे वाट नाही, असं होत नाही. पुढचा प्रयत्न कदाचित जमला असता.

मी आठवी-नववीच्या मुलांचा गणिताचा वर्ग घेतो. तिथे याच्या उलटी चूक जास्त दिसते. मुलांनी नियम ऐकलेला असतो, ‘विषम मोजायचं’ एवढं डोक्यात पक्कं असतं, पण काय मोजायचं तेच निसटतं. एका मुलीच्या वहीत मी असं उत्तर वाचलं: ‘पूल सात, सात ही विषम संख्या, म्हणून अशक्य.’ उत्तर बरोबर होतं, कारण साफ चुकीचं. त्याच मुलीला पुढच्या आठवड्यात पाच पुलांचं कोडं दिलं, तर तिने त्याच कारणाने तेही अशक्य ठरवलं. ते मात्र सहज सुटणारं होतं.

म्हणून ही पद्धत टप्प्याटप्प्याने मांडतो आहे. उदाहरण कोनिग्सबर्गचंच घेऊ, कारण ते खरं गाव आहे, तिथले पूल काळानुसार कमी-जास्त झाले आणि प्रत्येक बदलाबरोबर उत्तरही बदललं. हे कोडं ऑयलर या गणितज्ञाने १७३५ साली सोडवलं. आज त्या शहराचं नाव कालिनिनग्राद आहे आणि ते रशियात आहे.

## तयारी: कागदावर काय घ्यायचं

प्रेगेल नदीच्या दोन फाट्यांमध्ये दोन बेटं आहेत. पश्चिमेला छोटं क्नाइपहोफ, त्याच्या पूर्वेला मोठं लोम्झे. उत्तरेला एक काठ, दक्षिणेला दुसरा. म्हणजे जमिनीचे चार तुकडे झाले. त्यांना मी अक्षरं देतो: उत्तर काठ उ, दक्षिण काठ द, क्नाइपहोफ क, लोम्झे ल. पुलांना आकडे देतो:

१. दुकानदारांचा पूल: उ ते क
२. लोहारांचा पूल: उ ते क
३. हिरवा पूल: द ते क
४. क्यॉटेल पूल: द ते क
५. मधाचा पूल: क ते ल
६. लाकडी पूल: उ ते ल
७. उंच पूल: द ते ल

जमिनीला अक्षर आणि पुलाला आकडा, ही शिस्त शेवटपर्यंत सोडू नका. दोन्हीला आकडे दिले की चौथ्या ओळीला गोंधळ होतोच.

## टप्पा १: जमिनीचे तुकडे ओळखा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे घाई नको.

पुलावरून न जाता, पाण्यात न उतरता जिथून जिथे चालत जाता येतं ती सगळी जमीन मिळून एक तुकडा. तो तुकडा किती लांबरुंद आहे याला काहीच महत्त्व नाही. कोनिग्सबर्गच्या उत्तर काठावर तीन पूल टेकतात आणि त्यांची टोकं एकमेकांपासून बरीच लांब आहेत. मुलं चित्र काढताना त्या तीन टोकांवर तीन ठिपके देतात. चूक तिथेच होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काठाने हवं तेवढं फिरता येतं, त्यावर काही बंधन नाही. म्हणून ठिपका एकच, उ.

हे पटत नसेल तर उलटं करून बघा. पुलाच्या प्रत्येक टोकाला वेगळा ठिपका दिला तर सात पुलांचे चौदा ठिपके होतील आणि प्रत्येकाला एकच पूल लागेल. चौदाच्या चौदा विषम. मग जगातलं एकाहून जास्त पुलांचं कुठलंही कोडं अशक्यच ठरेल.

मुलांना हे कळावं म्हणून मी एकदा अंगणात खडूने नदी काढली आणि पुलांच्या जागी सात पाट ठेवले. ओलांडलेला पाट उलटा करायचा, एवढाच नियम. चालायला लागल्यावर एका मुलाने आपण होऊन विचारलं, “सर, या काठावर मी इकडून तिकडे फुकट जाऊ शकतो ना?” फुकट हा शब्द अगदी नेमका आहे. जिथे फुकट जाता येतं ती एकच जागा.

इशारा: नदीच्या उगमाला वळसा घालून पलीकडे जाणं या कोड्यात चालत नाही. काठ बदलायचा तर पुलावरूनच.

पडताळा: प्रत्येक पुलाची दोन टोकं कुठल्या दोन अक्षरांवर आहेत हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. एखादा पूल एकाच अक्षराकडून त्याच अक्षराकडे जाताना दिसला, तर नकाशा पुन्हा बघा. मध्ये एखादं बेट किंवा फाटा नजरेतून सुटलेला असतो.

## टप्पा २: प्रत्येक तुकड्याला किती पूल लागतात ते लिहा

आता नकाशा बाजूला ठेवा आणि पुलांच्या यादीवरूनच मोजा. नकाशावर बोट ठेवून मोजताना वळणं आणि अंतरं डोळ्यांना फसवतात. यादी फसवत नाही. उ हे अक्षर यादीत किती वेळा आलं? १, २ आणि ६ या पुलांना, म्हणजे तीनदा. असंच पुढे:

उ: ३ पूल
द: ३ पूल
ल: ३ पूल
क: ५ पूल

एकाच दोन तुकड्यांमध्ये दोन पूल असतील तर ते दोन्ही मोजायचे. १ आणि २ दोन्ही उ आणि क यांनाच जोडतात, म्हणून ‘एकच जोड’ असं समजून एक पूल गाळायचा नाही.

पडताळा: सगळ्या आकड्यांची बेरीज करा. ३ + ३ + ३ + ५ = १४, म्हणजे सात पुलांची दुप्पट. हे जुळलंच पाहिजे, कारण प्रत्येक पुलाला दोन टोकं असतात आणि आपण टोकंच मोजली आहेत. जुळलं नाही तर मोजणी चुकली आहे, पुढे जाऊ नका.

याच बेरजेतून आणखी एक गोष्ट हाती लागते. बेरीज नेहमी सम येते, म्हणून विषम आकडे असलेले तुकडेही नेहमी सम संख्येनेच असतात: शून्य, दोन, चार. तुमच्या कागदावर विषम तुकडे एक किंवा तीन आले, तर कोडं कठीण नाही, मोजणी चुकलेली आहे.

## टप्पा ३: विषम तुकडे मोजा, पूल नव्हे

निर्णय असा घ्यायचा:

विषम तुकडा एकही नसेल, तर वाट निघते. कुठूनही निघा, निघाल्या जागीच परत याल.

विषम तुकडे दोन असतील, तरीही वाट निघते. पण एका विषम तुकड्यावरून निघावं लागतं आणि दुसऱ्या विषम तुकड्यावर थांबावं लागतं.

चार किंवा अधिक असतील, तर वाट नाही. कितीही प्रयत्न केले तरी नाही.

कारण समजून घेतलं तर नियम पाठ करावा लागत नाही. एखाद्या तुकड्यावर तुम्ही आलात आणि तिथून पुढे गेलात, म्हणजे तिथले दोन पूल वापरले: एक येताना, एक जाताना. मधल्या सगळ्या जागांवर पूल असे जोडीजोडीने संपतात. ज्या तुकड्याला तीन किंवा पाच पूल आहेत तिथे एक पूल बिनजोडीचा उरतो. तो एक तर सुरुवातीला निघताना वापरलेला असतो, नाही तर शेवटी पोहोचताना. फेरीला सुरुवात एक आणि शेवट एक, म्हणून बिनजोडीचे पूल दोनच तुकड्यांवर खपतात. कोनिग्सबर्गमध्ये चारही तुकडे विषम आहेत. दोन टोकं म्हणून सांभाळून घेतले तरी दोन उरतात. म्हणून वाट नाही.

आता ती वही आठवा. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात लोहारांचा पूल (२) आणि क्यॉटेल पूल (४) गेले. उरले पाच: १, ३, ५, ६, ७. पाच हीसुद्धा विषम संख्याच. पण तुकडे मोजा: उ ला २, द ला २, क ला ३, ल ला ३. विषम तुकडे दोनच, म्हणून वाट आहे. क वरून निघा: पूल १ ने उ, ६ ने ल, ७ ने द, ३ ने परत क, आणि ५ ने ल. पाचही पूल झाले.

इशारा: एकूण पूल किती, सम की विषम, याचा निर्णयाशी काडीचाही संबंध नाही. उत्तरपत्रिकेत ‘पूल विषम’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, मोजणी भलत्याच गोष्टीची झाली आहे.

दुसरा इशारा: हा नियम लावण्याआधी सगळे पूल एकाच जाळ्यात आहेत ना ते बघा. नकाशावर दोन पुलांची एक जोडी अगदी बाजूला असेल आणि तिथे पोहोचायला उरलेल्या भागातून पूलच नसेल, तर सगळे तुकडे सम असूनही वाट निघणार नाही. आणि ज्या बेटावर एकही पूल नाही ते सरळ सोडून द्या. त्याचा आकडा शून्य आहे आणि तिथे जायचंच नाही.

## टप्पा ४: ऑयलरच्या पद्धतीने पडताळून पाहा

आज आपण ठिपके आणि रेघा काढतो, पण ऑयलरने स्वतः अक्षरांची ओळ मांडली होती. मला ही पडताळणी फार आवडते, कारण मुलं तिच्यात सहसा चुकत नाहीत.

फेरी म्हणजे तुकड्यांच्या अक्षरांची ओळ: उ क ल द असं. एक पूल ओलांडला की एक नवं अक्षर. सात पुलांसाठी ओळीत आठ अक्षरं हवीत, एक सुरुवातीचं आणि सात पुढची. आता कुठलं अक्षर किती वेळा यायला हवं? पाच पूल असलेलं क तीन वेळा, कारण एका भेटीत जास्तीत जास्त दोन पूल संपतात. विषम आकड्यात एक मिळवा आणि निम्मं करा. या हिशोबाने तीन पुलांचे उ, द आणि ल प्रत्येकी दोन वेळा. एकूण ३ + २ + २ + २ = ९. जागा आठ आणि अक्षरं नऊ. बसत नाही.

सम तुकड्यासाठी नुसतं निम्मं करायचं. मात्र त्याच तुकड्यावरून निघायचं असेल तर त्यात एक मिळवायचा. वरच्या पाच पुलांच्या फेरीत जागा सहा, आणि अक्षरं क २, ल २, उ १, द १ मिळून सहा. बरोबर बसली.

टप्पा ३ आणि टप्पा ४ ची उत्तरं जुळली नाहीत, तर टप्पा २ वर परत जा.

## टप्पा ५: वाट प्रत्यक्ष काढा

‘वाट आहे’ हे कळणं एक आणि ती काढून दाखवणं दुसरं. खूप जण इथे अडकतात आणि मग निर्णयावरच शंका घ्यायला लागतात. यासाठी थोडं मोठं उदाहरण घेऊ. १९०५ साली लोम्झे आणि दक्षिण काठ यांच्यामध्ये कैसर पूल बांधला गेला. त्याला आपण ८ म्हणू: द ते ल. शहरातले इतर नवे पूल बाजूला ठेवून फक्त जुने सात आणि हा आठवा एवढेच धरू.

नवी मोजणी: उ ३, क ५, द ४, ल ४. बेरीज १६, आठची दुप्पट. विषम दोनच, उ आणि क. म्हणजे उ वरून निघायचं आणि क वर थांबायचं, किंवा उलट.

५ अ. विषम तुकड्यावरूनच निघा. नेहमीची चूक म्हणजे जिथे सर्वात जास्त जागा मोकळी दिसते तिथून, म्हणजे लोम्झेवरून निघणं. ल सम आहे. तिथून निघताना एक पूल गेला की तीन उरतात आणि ते संपवायचे तर फेरी ल वरच संपवावी लागेल. मग उ आणि क यांचे बिनजोडीचे पूल कुठे जाणार? अशी फेरी पूर्ण होऊच शकत नाही.

५ ब. थांबावं लागेपर्यंत चाला. फार विचार न करता निघा. उ वरून १ ने क, ५ ने ल, ६ ने परत उ, २ ने क, ३ ने द, ४ ने क. आता क चे पाचही पूल वापरून झाले, बाहेर पडायला वाट नाही. पण ७ आणि ८ राहिले.

बहुतेकांच्या हातातलं खोडरबर इथेच बाहेर येतं. पुसू नका. तुम्ही चुकलेला नाहीत, काम अर्धवट आहे इतकंच. आणि बघा, अडकलात ते नेमकं क वरच, दुसऱ्या विषम तुकड्यावर. उ वरून निघाल्यावर दुसरीकडे कुठे अडकणं शक्यच नाही, कारण सम तुकड्यावर आत आलात की बाहेर जायला एक पूल शिल्लक असतोच. अडकण्याची जागा वेगळी आली तर समजा, एखादा पूल दोनदा वापरला गेला आहे.

५ क. राहिलेल्या पुलांचं वेटोळं करा. ७ आणि ८ दोन्ही द आणि ल यांच्यामध्ये आहेत. ल वरून ७ ने द ला जा, ८ ने परत ल ला या. हे वेटोळं जिथून सुरू होतं तिथेच संपतं. राहिलेले पूल नेहमी अशाच वेटोळ्यांमध्ये मोडतात, कारण पहिल्या फेरीने प्रत्येक तुकड्यावर सम संख्येनेच पूल मागे ठेवलेले असतात.

५ ड. वेटोळं मूळ फेरीत ओवा. पहिल्या फेरीत ल कुठे आला ते शोधा: पूल ५ नंतर. तिथे थांबा, वेटोळं पूर्ण करा आणि मग मूळ वाटेने पुढे जा. गजऱ्यात मध्येच एक जादा फूल ओवावं, तसं. पूर्ण फेरी अशी झाली:

१, ५, ७, ८, ६, २, ३, ४

ओवताना चूक होते ती जागेची. वेटोळं ल वरून सुरू होणारं असेल तर ते मूळ फेरीत जिथे तुम्ही ल वर उभे असता तिथेच बसतं. त्याला पूल ६ नंतर ठेवलं, तर तुम्ही उ वर उभे असाल आणि ७ नंबरचा पूल तिथे नाहीच. उरलेल्या पुलांची दोन-तीन वेटोळी झाली तर एकेक करून ओवत जा, क्रम कुठलाही चालतो.

पडताळा: तीन गोष्टी बघा. आठही आकडे एकेकदा आले का? लागोपाठच्या दोन पुलांना एक अक्षर सामाईक आहे का, आणि तुम्ही त्याच अक्षरावर उभे आहात का? अक्षरांची ओळ उ क ल द ल उ क द क, यात क तीनदा आणि बाकीची दोनदोनदा आली का? नुसते आकडे मोजून समाधान मानू नका. सगळे आकडे आहेत पण मध्येच एका काठावरून दुसऱ्यावर उडी आहे, अशी उत्तरं मी खूप तपासली आहेत.

## बेटावरून जाणारा उड्डाणपूल कसा मोजायचा

खऱ्या नकाशावर हमखास येणारी अडचण. आज दुकानदारांच्या पुलाची आणि हिरव्या पुलाची जागा एका लांब उड्डाणपुलाने घेतली आहे. तो उत्तर काठावरून निघून क्नाइपहोफच्या वरून दक्षिण काठाला जातो आणि बेटावर उतरायला जिने आहेत. मग हा पूल एक की दोन?

बेटावर उतरता येतं असं धरलं तर दोन: उ ते क आणि क ते द. उतरत नाही असं धरलं तर एक: उ ते द. कैसर पुलाच्या जागी २००५ मध्ये नवा पूल झाला, तो धरून आणि नंतरचे आणखी नवे पूल सोडून मोजा. दोन धरले तर उ २, द ३, क ३, ल ४. एक धरला तर उ २, द ३, क १, ल ४. दोन्ही वेळा विषम तेच, द आणि क.

हा योगायोग नाही. आरपार जाणारा रस्ता मधल्या तुकड्याच्या आकड्यात नेहमी दोनाची भर घालतो, आणि दोन मिळवल्याने सम-विषम बदलत नाही. ‘पेन्सिल न उचलता, रेघ दोनदा न गिरवता घर काढा’ या शाळेतल्या खेळातही तेच आहे. चौकोन, त्याचे दोन्ही कर्ण, वर त्रिकोणी छप्पर. कर्ण जिथे एकमेकांना छेदतात तो मधला बिंदू मोजायचा की नाही यावर मुलं भांडतात. मोजा किंवा सोडा, तो सम आहे, फरक पडत नाही. विषम आहेत ते खालचे दोन कोपरे, प्रत्येकी तीन रेघांचे. म्हणून घर खालच्या कोपऱ्यातूनच सुरू करावं लागतं. छपरापासून सुरू करणाऱ्याचं ते कधीच पुरं होत नाही.

## तुकडे तीनच असतील तर

गावाच्या नकाशावर हा खेळ लावायचा असेल तर पुलांआधी जमिनीचे तुकडे मोजा. एका नदीने गावाचे दोन भाग केले असतील आणि बेट नसेल, तर कोडं कधीच अशक्य नसतं. तुकडे तीन असले तरीही नसतं. विषम तुकडे सम संख्येनेच येतात हे वर पाहिलं, आणि तिनांपैकी जास्तीत जास्त दोनच विषम असू शकतात.

पुण्यात संगमावर मुळा आणि मुठा मिळतात. तिथे तीन तुकडे होतात: दोन नद्यांच्या मधली शिवाजीनगरची बाजू, पेठांची आणि कॅम्पची बाजू, आणि येरवड्याची बाजू. संगम पूल पहिल्या दोघींमध्ये, होळकर पूल मुळेवर, बंडगार्डनचा पूल कॅम्पकडून येरवड्याकडे. या तीन तुकड्यांमध्ये आणखी कितीही पूल बांधले तरी सगळे एकेकदा ओलांडणारी वाट राहणारच. निघायचं कुठून, एवढंच मोजून ठरवावं लागेल. पवना नकाशात घेतली की मात्र सांगवीच्या बाजूचा चौथा तुकडा येतो, आणि चौघे विषम होण्याची शक्यता सुरू होते. मध्ये एखाद्या बेटावर पूल टेकत असेल, तर त्याचाही तुकडा वेगळा धरा.

## टप्पा ६: वाट नसेल तर किती पूल दोनदा

‘अशक्य’ लिहून थांबू नका. पुढचा खरा प्रश्न असतो की कमीत कमी किती पूल पुन्हा ओलांडावे लागतील. पूल दोनदा ओलांडणं म्हणजे कागदावर त्याच्या शेजारी तसाच दुसरा पूल काढणं. त्याने दोन्ही टोकांचे आकडे एकाने वाढतात, म्हणजे विषमाचं सम होतं.

सात पुलांच्या कोनिग्सबर्गमध्ये चौघे विषम आहेत. दोघांना फेरीची टोकं म्हणून राहू द्या, उरलेल्या दोघांमधला एक पूल दोनदा घ्या. कुठले दोघे? ज्यांच्यामध्ये थेट पूल आहे असे. उ आणि द यांची जोडी लावली तर त्यांच्यात थेट पूल नाही, मधून जाताना दोन पूल दोनदा लागतील. ही जोडी निवडणं ही इथली नेहमीची चूक. द आणि ल यांची जोडी लावा. त्यांच्यामध्ये उंच पूल (७) आहे.

आता कैसर पुलाची गरजच उरली नाही. ८ च्या जागी पुन्हा ७ लिहा, वरची फेरी जशीच्या तशी चालते:

१, ५, ७, ७, ६, २, ३, ४

उंच पुलावरून दक्षिण काठाला जायचं आणि त्याच पुलाने परत लोम्झेवर यायचं. एकूण आठ वेळा पूल ओलांडला, यापेक्षा कमीत होत नाही.

निघालो तिथेच परत यायचं असेल तर उरलेले उ आणि क हेही जुळवावे लागतात. त्यांच्यामध्ये लोहारांचा पूल (२) आहे, तोही दोनदा घ्या. वरच्या फेरीच्या शेवटी तुम्ही क वर उभे आहात. तिथून २ ने उ ला परत या:

१, ५, ७, ७, ६, २, ३, ४, २

नऊ वेळा पूल ओलांडून उत्तर काठावर, जिथून निघालात तिथेच.